आधी अक्षरं, मग फुगा

कॉमिक्समधला संवादाचा फुगा पाहिला की वाटतं, चित्रकाराने आधी एक गोल काढला असेल आणि मग कुणीतरी त्यात शब्द भरले असतील. चांगल्या कॉमिक्समध्ये नेमकं उलट होतं. आधी शब्द लिहिले जातात. त्यांच्या ओळी कुठे तोडायच्या ते ठरतं, ओळी एकाखाली एक मांडल्या जातात आणि त्या मांडणीचा जो आकार होतो, त्याच्याभोवती शेवटी फुग्याची रेघ फिरते. हा क्रम पाळला की वाचकाला फुगा जाणवतही नाही. क्रम उलटला की अक्षरं कडेला घासतात, शेवटचा शब्द खाली कोंबला जातो, किंवा इवल्याशा वाक्याभोवती ओसाड माळरान उरतं.

अमेरिकन कॉमिक्समध्ये हे काम करणारा माणूस वेगळा असे, आजही असतो. त्याला लेटरर म्हणतात. जुन्या पद्धतीत चित्रकार पेन्सिलीने पान काढून द्यायचा, ते पान आधी लेटररकडे जायचं आणि शाई भरणाऱ्याकडे त्यानंतर. कारण साधं होतं. फुगा चित्राचा काही भाग झाकणारच. तो कुठला हे आधी कळलं, तर तिथे शाई फुकट घालवायला नको. लेटररच्या टेबलावर एम्स गाइड नावाची प्लॅस्टिकची छोटी पट्टी असे. तिच्या मधल्या चकतीला भोकं असतात. चकती फिरवून आकडा लावायचा, भोकात पेन्सिलीचं टोक घालायचं आणि टी-स्क्वेअरवरून पट्टी सरकवायची, की फिक्या समांतर रेघा उमटतात. चकतीवरचा आकडा म्हणजे अक्षराची उंची, इंचाच्या बत्तिसाव्या भागांत. पुष्कळ लेटरर साडेतीनवर काम करत. म्हणजे कागदावर अक्षर पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. मूळ चित्र साधारण 10 बाय 15 इंचांचं असायचं आणि छापताना ते दोन-तृतीयांशावर यायचं. वाचकाच्या हातात पडेपर्यंत अक्षर जेमतेम 1.8 मिलिमीटर उरे.

या आकड्यांतून इंग्रजी कॉमिक्सच्या दोन सवयींचा उलगडा होतो. पहिली, सगळी अक्षरं कॅपिटल. कॅपिटल अक्षरांना वर-खाली शेपट्या नसतात. त्यामुळे ओळी एकमेकींच्या जवळ आणता येतात आणि थोड्या जागेत जास्त मजकूर बसतो. दुसरी, जिथे तिथे उद्गारचिन्ह. त्या काळचा कागद स्वस्त आणि छपाई ढिसाळ. वाक्याच्या शेवटचा टिंब कधी छापलाच जायचा नाही. उद्गारचिन्ह मात्र टिकायचं. म्हणून जुन्या सुपरहिरोंच्या कथांमध्ये चहा मागणारा माणूसही किंचाळताना दिसतो. सगळेच ओरडताहेत म्हटल्यावर खरोखर ओरडणाऱ्याने काय करायचं, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

ही सगळी मापं रोमन कॅपिटल अक्षरांची. मराठीत कॉमिक्सचा मोठा वाचकवर्ग तयार केला तो इंद्रजाल कॉमिक्सने. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसमूहाने 1964 मध्ये सुरू केलेल्या या मालिकेतून ली फॉकचा फँटम आपल्याकडे वेताळ होऊन आला. वेताळ मराठी बोलू लागला, पण त्याच्या तोंडापुढचे फुगे इंग्रजी बोलण्याच्या मापाने काढलेले होते. मराठीत फुगा नेहमी आधी आला आणि अक्षरं नंतर. अनुवादित कॉमिक्सची ही जन्माची अडचण आहे, आणि ती आपलीच आहे असंही नाही. जपानी मांगामध्ये मजकूर उभा लिहितात, म्हणून फुगे उंच आणि अरुंद असतात. त्यांत आडवी इंग्रजी ओळ बसवताना शब्दांचे तुकडे पडतात. आपली अडचण वेगळ्या जातीची आहे. ती समजून घ्यायला देवनागरीची ओळ उभ्या दिशेने मोजायला हवी.

छापील पानावर देवनागरी अक्षराचं अंग, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंतचा भाग, दोन मिलिमीटरचं आहे असं धरू. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार यांना आणखी एक मिलिमीटर लागतो. खाली उकार आणि ऋकारासाठी तेवढाच. वरच्या ओळीतला ‘पू’ आणि खालच्या ओळीतला ‘र्मी’ एकमेकांत अडकू नयेत, तर एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत चारेक मिलिमीटरचं अंतर हवं. इंग्रजी कॅपिटलची ओळ पावणेतीन मिलिमीटरमध्ये भागते. म्हणजे ज्या उंचीत इंग्रजीच्या सहा ओळी मावतात, तिथे मराठीच्या चारच.

आडव्या दिशेने मात्र देवनागरी काटकसरी आहे. स्वर बहुतेक वेळा व्यंजनाच्या डोक्यावर किंवा पायाशी बसतात, जोडाक्षरं एकात एक शिरतात. त्यामुळे तेच वाक्य मराठीत बऱ्याचदा आखूड होतं. मराठीला लागतो तो बुटका, रुंद फुगा. इंग्रजी मांडणीसाठी काढलेल्या उंच फुग्यात मराठी घातली की बाजूला जागा रिकामी आणि वर-खाली दाटी, असं चित्र दिसतं. त्यात मराठीला प्रत्ययांची हौस. ‘गावकऱ्यांच्याबरोबरसुद्धा’ हा एकच शब्द आख्ख्या ओळीचा मालक होतो. असा शब्द मध्ये तोडू नये. लेटररने अनुवादकाला फोन करावा आणि ‘गावकऱ्यांबरोबरही’ चालेल का, असं विचारावं. चांगल्या अनुवादकाला हा फोन अपमान वाटत नाही.

आता एक प्रसंग सुरुवातीपासून मांडून पाहू. रात्रीची वेळ आहे. सखूमावशी चुलीपाशी, गण्या भज्यांच्या ताटलीपाशी. गण्या कुजबुजतो, “मावशे, पाटलांच्या वाड्यात चोर शिरलेत.” मावशी म्हणते, “काय सांगतोस? आणि तू इथे बसून भजी खातोयस? पळ! पाटलांना उठव!”

मावशीपासून सुरुवात करू. तिचं सगळं बोलणं एका फुग्यात घालायचं ठरवलं, तर चार ओळी अशा पडतात:

काय सांगतोस?
आणि तू इथे बसून
भजी खातोयस? पळ!
पाटलांना उठव!

आकार वाईट नाही. वरची ओळ आखूड, मधल्या दोन लांब, शेवटची पुन्हा आखूड. लंबगोलात असाच आकार बसतो, म्हणून लेटरर मधल्या ओळी लांब ठेवतात. पण ‘पळ!’ कुठे आलंय पाहा. खातोयसच्या शेपटाला चिकटून, ओळीच्या टोकाला. जिथे मावशीचा आवाज चढतो, नेमका तोच शब्द अडगळीत गेला. आकार जमला आणि बोलणं बिघडलं. आवाजाची पट्टी बदलली की फुगा बदलायचा, हा इथला व्यवहारातला नियम आहे. म्हणून दोन फुगे करायचे आणि ते एकमेकांना जोडायचे. पहिल्यात ‘काय सांगतोस? / आणि तू इथे बसून / भजी खातोयस?’ अशा तीन ओळी. दुसऱ्यात ‘पळऽऽ! / पाटलांना उठव!’

पहिल्या फुग्याचं माप काढू. अक्षराचं अंग दोन मिलिमीटर धरलं, तर मधली ओळ जवळपास वीस मिलिमीटर भरते आणि वरची-खालची पंधराच्या आसपास. तीन ओळींची उंची अकरा-बारा. अक्षरं आणि कड यांच्यामध्ये निदान एका अक्षराइतकी हवा हवी, म्हणून फुगा साधारण 26 बाय 18 मिलिमीटरचा होतो. ही हवा ओळीच्या टोकांशी तपासायची, मधोमध नाही. लंबगोल वर आणि खाली आत वळतो, त्यामुळे पहिल्या ओळीच्या टोकाला रफार किंवा वेलांटी आली तर तीच सगळ्यात आधी कडेला टेकते. संगणकाने मजकूर बरोबर मध्यावर ठेवला तरी डोळ्याला तो कधी वर, कधी खाली सरकलेला वाटतो. पहिल्या ओळीत मात्रा किती आणि शेवटच्या ओळीत उकार किती, यावर ते अवलंबून असतं. इथे मोजपट्टी बाजूला ठेवून डोळ्याने सरकवावं लागतं.

फुग्याची शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने जाते, पण तोंडाला भिडत नाही. अर्ध्याहून थोडी पुढे जाऊन थांबते. ती छातीकडे वळली की पोट बोलतंय असं वाटतं. दोघांच्या शेपट्या एकमेकींना ओलांडायला लागल्या, तर फुग्यांच्या जागाच चुकल्या आहेत असं समजावं. आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो. म्हणून आधी बोलणाऱ्या गण्याचा फुगा वर आणि डावीकडे हवा, मग तो स्वतः चौकटीत उजवीकडे बसलेला असला तरी.

आता गण्याची कुजबूज. पहिल्यांदा सुचतं ते अक्षर लहान करणं. इंग्रजीत ते बऱ्यापैकी निभतं. देवनागरीत थोडं पुढे गेलं की अनुस्वार गळतो, ‘घरात’ आणि ‘घरांत’ यांतला फरक पुसला जातो आणि चोर एका घरात शिरले की अनेक, हे वाचकाला कळेनासं होतं. माझ्या मते अंग दीड मिलिमीटरच्या खाली नेऊच नये. मग कुजबूज दाखवायची कशी? फुगा लहान न करता. गण्याचं वाक्य ‘मावशे, / पाटलांच्या वाड्यात / चोर शिरलेत.’ असं तीन ओळींत, अंग 1.6 मिलिमीटर, रेघ बारीक, आणि फुगा मात्र मावशीच्या पहिल्या फुग्याएवढाच. अक्षरांभोवती जो पांढरा रिकामेपणा उरतो, तोच आवाज खाली ओढतो. फुग्याची कड तुटक रेघांची करायची रीत आहे, शेपटीही तुटकच. काही जण अक्षरं करड्या रंगात छापतात. पण साध्या कागदावर करडा रंग बारीक ठिपक्यांनी छापला जातो, आणि त्या ठिपक्यांत अक्षराच्या कडा फाटतात. रेघ बारीक करावी, काळी ठेवावी.

फुग्यातला आवाज अक्षराच्या आकारातून जेवढा ठरतो, त्याहून जास्त अक्षर आणि पांढरी जागा यांच्या प्रमाणातून ठरतो, असं माझं मत आहे. लहान अक्षर आणि भरपूर पांढरं म्हणजे कुजबूज. हेच लहान अक्षर लहान फुग्यात ठेवलं, तर ते फक्त लांबून आल्यासारखं वाटतं. मोठं अक्षर मोठ्या फुग्यात ऐसपैस बसवलं, तर तो माणूस भाषण देतोय असं वाटतं, ओरडतोय असं नाही. ओरडण्यासाठी अक्षराने फुग्यातली जागा संपवायला हवी. कडेला धडकायला हवं, जमलं तर ती ओलांडायला हवी.

मावशीचा दुसरा फुगा तसा करू. ‘पळऽऽ!’ एकटा वरच्या ओळीत, अंग चार-पाच मिलिमीटर, जाड. फुग्याची कड टोकदार काट्यांची. काटे एकसारखे काढले तर सूर्यफूल दिसतं. म्हणून एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब असे असमान हवेत, आणि आवाज जिकडे जातोय तिकडचे जास्त लांब. ‘ळ’चा पाय आणि उद्गारचिन्हाचं टोक कडेबाहेर गेलं तरी हरकत नाही. खालची ‘पाटलांना उठव!’ ही ओळ अडीच-तीन मिलिमीटरवर उतरते, कारण तो हुकूम आहे, किंकाळी नव्हे. एकाच फुग्यात दोन आकार ठेवायचे, तर फरक ठसठशीत हवा. थोडाच फरक ठेवला तर छपाईत चूक झाली असं वाटतं.

त्या ‘पळऽऽ’मधला अवग्रह ही आपली खरी मिळकत आहे. इंग्रजी लेटररला आवाज लांबवायचा तर स्वर पुन:पुन्हा लिहावा लागतो आणि शब्दाची ओळ हरवते. आपण ‘आईऽऽऽ’ लिहितो. शब्द जसाच्या तसा राहतो आणि लांबण वेगळी दिसते. लेटररला ती वेगळी हाताळता येते. अवग्रह एकामागून एक लहान होत गेले की हाक दरीत विरते. मोठे होत गेले की संकट जवळ येतं. वाकडे, एकावर एक पडलेले असले की माणूस पडतोय. मराठी कॉमिक्समध्ये हे फार कमी वेळा केलेलं दिसतं. तीनही अवग्रह टाइपातल्यासारखे एकाच मापाचे छापून मोकळे होतात.

दुसरी मिळकत शिरोरेषा. रोमन शब्दात अक्षरं सुटी असतात, आपला शब्द एका दोरीला बांधलेला असतो. ती दोरी जाड केली की गर्जना होते. लाटेसारखी हलवली की थरथरणारा, भ्यालेला आवाज येतो. जागोजागी तोडली आणि प्रत्येक अक्षर निरनिराळ्या कोनात कललं की किंकाळी. यात सांभाळायचं एकच. अक्षर फिरवताना त्याच्या मात्रा, वेलांट्या त्याच्याबरोबर फिरल्या पाहिजेत. ‘कि’ची वेलांटी एकीकडे आणि ‘क’ दुसरीकडे गेला, तर किंकाळीऐवजी मुद्रणदोष दिसतो. इंग्रजीत जोर द्यायला जाड तिरपी अक्षरं वापरतात. ती रीत आपल्याकडे तशीच उचलू नये. देवनागरी संगणकाने तिरपी केली की उभे काने कलतात, शिरोरेषा आडवीच राहते आणि शब्द कोसळणाऱ्या कुंपणासारखा दिसतो. जोरासाठी जाडी पुरते.

अक्षरांच्या वळणाने आवाजाची जात दाखवण्याचे खेळ इतरत्र खूप झाले आहेत. वॉल्ट केलीच्या ‘पोगो’ या पट्टीत एक पाद्रीबुवा जुन्या चर्चमधल्या टोकदार गॉथिक लिपीत बोलतात आणि एक सर्कसवाला जाहिरातीच्या पोस्टरसारख्या अक्षरांत. ‘सँडमॅन’ मध्ये टॉड क्लाइनने स्वप्नांच्या राजाला काळे फुगे दिले आणि त्यांत पांढरी अक्षरं. उदेर्झोने तर ‘अ‍ॅस्टेरिक्स’च्या 1970 मधल्या एका पुस्तकात अक्षराला हातही लावला नाही. गावात भांडणं पेटतात तसे फुगे हिरवे होत जातात. हे चमत्कार क्वचित करायचे. गॉथिक लिपीत बोलणारा पाद्री गमतीदार वाटतो, कारण बाकीचे सगळे साध्या अक्षरांत बोलतात.

आज हे काम बहुतेक संगणकावर होतं. त्यामुळे चुकाही संगणकी झाल्या, आणि त्या वाचकालासुद्धा ओळखता येतात. फुग्यात मजकूर मावला नाही म्हणून अक्षरं आडवी दाबली असतील, तर शिरोरेषा जाड आणि काने बारीक दिसतात, कारण दाबल्याने उभ्या रेघाच रोडावतात. अक्षरांमधलं अंतर वाढवून ओळ भरली असेल, तर शिरोरेषेत बारीक फटी पडतात. किंकाळी नसताना पडलेली फट म्हणजे चूक. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला दिसली किंवा तुटक रेघेचं छोटं वर्तुळ छापून आलं, तर सॉफ्टवेअरला देवनागरी जोडायला सांगायचं राहून गेलंय. इनडिझाइनमध्ये त्यासाठी Adobe World-Ready Paragraph Composer निवडावा लागतो. हातचं वळण असलेले देवनागरी टंक आता मिळतात. कलम हा त्यांतला एक, बारीक, मध्यम आणि जाड अशा तीन वजनांत. म्हणजे कुजबूज, बोलणं आणि ओरडणं एकाच वळणात मिळतं. इंग्रजी कॉमिक्सच्या टंकांमध्ये आणखी एक युक्ती असते. तिथे सगळंच कॅपिटल असल्यामुळे लहान अक्षरांच्या कळा मोकळ्या राहतात. त्यांवर त्याच कॅपिटल अक्षराचा किंचित वेगळा नमुना ठेवतात, म्हणजे लागोपाठ आलेली दोन अक्षरं ठशासारखी सारखी दिसत नाहीत. मराठीत ‘मामा’ लिहिताना दोन्ही ‘मा’ तंतोतंत सारखे दिसले की हातचं वळण खोटं पडतं, आणि त्यावर आजतरी दुसरा ‘मा’ हाताने जरा बदलणं हाच सोपा उपाय आहे.

परदेशी कॉमिक्स मराठीत आणणाऱ्या प्रकाशकांना एक सांगणं आहे. मूळ प्रकाशकाशी करार करताना चित्रं फुग्यांसकट चिकटवलेली घेऊ नका. आता बहुतेक पानांत फुगे चित्राच्या वर वेगळ्या थरात असतात. तो थर वेगळा मागून घ्या, आणि फुगे मराठी मजकुराभोवती नव्याने काढायची परवानगी करारातच लिहून घ्या. आणि ज्याने ते काढले, त्याचं नाव लेखक, चित्रकार आणि अनुवादकाच्या शेजारी छापा.